आवर्तनाची सूचना फोनवर: ग्रुपवरचा मजकूर बोलका करताना

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका धरणाच्या डाव्या कालव्यावर ही पाणीवापर संस्था आहे. एक मायनर, म्हणजे कालव्याचा छोटा फाटा, तिच्यावर शेतांकडे पाणी नेणाऱ्या दहा चाऱ्या, ऊस आणि भाजीपाल्याचं क्षेत्र जास्त. आवर्तन, म्हणजे कालव्याचं ठरलेल्या पाळीचं पाणी, सुटायच्या आधी सभासदांनी पाणीमागणीचा अर्ज द्यायचा, बाकी भरायची, मग शेजपाळीनं टेलकडून, म्हणजे शेवटच्या टोकाकडून, वर पाणी वाटत यायचं, असा नेहमीचा क्रम. संस्थेचे सचिव आधी सगळ्या सूचना फळ्यावर लिहायचे आणि पाटकऱ्यातर्फे तोंडी निरोप धाडायचे. पुढे व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप झाला आणि फळा मागे पडला.

ग्रुपची अडचण अशी की त्यात जमीन ज्याच्या नावावर आहे तो नसतो, त्याचा मुलगा असतो. मुलगा बऱ्याचदा पुण्यात नोकरीला. प्रत्यक्ष शेतात पाण्याची दारं धरणारा माणूस साठीच्या पुढचा, हातात बटणांचा फोन. म्हणून संचालक मंडळानं एका सेवादाराकडून एकगठ्ठा फोन करण्याची सोय घेतली. वेबसाइटवर मजकूर टाकायचा, नंबरांची यादी जोडायची. मजकूर यंत्राच्या आवाजात वाचला जातो आणि सगळ्यांना एकदम फोन जातो. पैसे ३० सेकंदांच्या टप्प्यानं. एकतिसाव्या सेकंदाला दुसरा टप्पा सुरू.

उन्हाळी हंगामाच्या दुसऱ्या आवर्तनाच्या वेळी सचिवांनी ग्रुपवर टाकलेला मजकूर जसाच्या तसा उचलून तिथं चिकटवला. तो असा होता:

«🙏 *तातडीची सूचना* 🙏 सर्व सभासदांस कळविण्यात येते की, उन्हाळी आवर्तन क्र. २ दि. २६/४ रोजी सा. ६ वा. सुरू होत असून चारी क्र. ६ ते १० (८ वगळून) च्या सभासदांनी पाणीमागणी अर्ज दि. २३/४ पर्यंत कार्यालयात जमा करावेत. मागील थकबाकी असल्यास पाणी दिले जाणार नाही (५०% भरणाऱ्यांचा विचार केला जाईल). चारी ८ दुरुस्ती – पुढील सूचनेपर्यंत बंद. चारी १ ते ५ चे वेळापत्रक नंतर कळविण्यात येईल. – सचिव»

ग्रुपवरची सूचना म्हणून यात फारसं वावगं काही नाही. डोळा वरखाली फिरतो, आपली चारी शोधतो, कंस दिसला की थांबतो. संध्याकाळी परत उघडून तारीख बघता येते.

अडचण

फोन रविवारी संध्याकाळी गेले. सोमवारी सकाळपासून सचिवांचा स्वतःचा फोन थांबेना. आठव्या चारीवरचे काही जण अर्ज घेऊन ऑफिसात हजर, आणि सहाव्या चारीवरचे एक तात्या विचारत होते, «म्हंजे आमाला पाणी हाय का न्हाई?»

मी या संस्थेच्या अध्यक्षांच्या ओळखीनं त्यात पडलो. आवाजी निरोप लिहून देणं हे माझं जोडकाम आहे. सोमवारी दुपारी आम्ही तोच फोन माझ्या नंबरवर लावून घेतला आणि ऐकला. यंत्र «दि.» ला नुसतं «दि» म्हणत होतं, «क्र.» चा काहीतरी अर्धवट आवाज काढत होतं, आणि «सा. ६ वा.» तर «सा सहा वा» असं एका दमात. ऐकणाऱ्याला त्यातलं फक्त «सहा» कळत होतं. सकाळचे की संध्याकाळचे, ते नाही. तारखेतली तिरकी रेघ कुठं गिळली, कुठं «बाय» म्हटली. हे सगळं ऐकताच ध्यानात येतं आणि दुरुस्त करणंही सोपं. सगळे शब्द पूर्ण लिहायचे, चांदण्या आणि हात जोडलेली चित्रं काढून टाकायची.

खरी गडबड मात्र त्याच्या खालची होती. यंत्रानं प्रत्येक अक्षर नीट उच्चारलं असतं तरी हा निरोप फसलाच असता.

पहिली गोष्ट कंसाची. «सहा ते दहा, आठ वगळून» हे कागदावर कळतं. कानाला मात्र आधी «सहा ते दहा» पोचतं. आठव्या चारीचा माणूस तिथंच «आपण त्यात आलो» असं ठरवतो आणि अर्जाची तारीख ऐकायला सरसावतो. नंतर आलेलं «वगळून» त्यानं ऐकलं तरी ते कशाला लागू आहे हे मागे जाऊन बघायची सोय नाही. त्याच्या चारीचा स्पष्ट उल्लेख अगदी शेवटाकडे होता, आणि सेवादाराच्या अहवालात प्रत्येक फोन किती सेकंद ऐकला गेला ते दिसतं. बहुतेकांनी थकबाकीच्या वाक्यापाशीच फोन ठेवला होता.

दुसरी गोष्ट आकड्यांची. फोनची साधी लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढं पाठवते. «स», «श» यांची धार त्याच्या वरच्या पट्टीत असते, ती कापली जाते. मग «सहा» आणि «दहा» यांत उरतो तो «हा». मागे मोटार किंवा ट्रॅक्टर चालू असेल तर फरक करणं अवघड. «सात», «साठ» आणि «आठ» यांचंही तेच. ज्या संस्थेच्या चाऱ्या नंबरानं ओळखल्या जातात आणि निम्मं गाव सहाव्या नाहीतर दहाव्या चारीवर आहे, तिथं ही बारीक गोष्ट राहत नाही. तात्यांचा प्रश्न इथूनच आला होता. त्यांनी «दहा ते दहा» असं काहीतरी ऐकलं होतं.

तिसरी गोष्ट सुरुवातीची. अनोळखी नंबर उचलला की माणूस आधी «हॅलो, कोण?» म्हणतो. यंत्र त्याच क्षणी बोलायला लागतं. «तातडीची सूचना, सर्व सभासदांस» इथपर्यंतचं सगळं त्या हॅलोखाली गेलं. पुढचं ऐकणाऱ्याला हा फोन कुणाचा, हेच ठाऊक नव्हतं. फसवणुकीच्या फोनांची बोलणी सगळीकडे चालू असल्यामुळे काही जणांनी «थकबाकी» हा शब्द कानावर पडताच फोन कापला. आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

समोर आलेले पर्याय

सोमवारी संध्याकाळी ऑफिसात अध्यक्ष, सचिव, पाटकरी आणि मी बसलो. बुधवार ही अर्जाची शेवटची तारीख, म्हणजे हाताशी दीड दिवस.

पाटकऱ्याचं म्हणणं, फोनबिन सोडा, मी गाडीवर भोंगा लावून फिरतो. हा पर्याय वाटतो तितका जुनाट नाही. गावठाणात तो चांगला चालला असता. पण इथली निम्मी वस्ती मळ्यांवर विखुरलेली, आणि भोंगा जातो तेव्हा माणूस नेमका दुसऱ्या टोकाला असतो.

दुसरा पर्याय एसेमेसचा. देवनागरीतल्या एका एसेमेसमध्ये ७० अक्षरं बसतात, त्यापुढे मजकूर तुकड्यांत मोजला जातो. काना, मात्रा, वेलांटी हेही अक्षर म्हणूनच मोजतात. एवढ्यात तारीख आणि वेळ बसते, बाकीचं नाही. शिवाय ज्यांच्यासाठी ही खटपट चालली होती त्यांतले बरेच जण मेसेज उघडतच नाहीत.

तिसरा, तोच मजकूर सचिवांनी स्वतःच्या आवाजात वाचून रेकॉर्ड करायचा. सचिवांना हा सगळ्यात पसंत होता. त्यांनी लगेच मोबाइलवर वाचूनही दाखवला. आवाज ओळखीचा, उच्चार स्वच्छ, पण «कळविण्यात येते की» पासून «जमा करावेत» पर्यंत एकच वाक्य. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. ग्रुपवर ते चालून जातं, कारण डोळा वाक्याच्या टोकाला आधीच पोचलेला असतो. कान मात्र पाच-सहा गोष्टी हातात धरून «करावेत» ची वाट बघत बसतो. तोवर आवर्तन क्रमांक, तारीख आणि वेळ यांतलं काहीतरी सांडतं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, «हे ऑफिसात बसून बरं वाटतंय. माझी आई ऐकून मला काय सांगेल?»

या एका प्रश्नावर पुढचं सगळं ठरलं. दिवसा फोन घरात असतो आणि मालक शेतात. फोन उचलते सून, आई, नाहीतर शाळेतून आलेला नातू. निरोप दोनदा प्रवास करतो, आमच्याकडून घरात आणि घरातून शेतात. त्यामुळे उचलणाऱ्याला एका वाक्यात पुढं सांगता येईल, तेवढाच निरोप पोचतो. बाकी सगळं फोनच्या बिलात जातं.

म्हणून चौथा पर्याय घेतला. मजकूर नव्यानं लिहायचा आणि सचिवांच्या आवाजात रेकॉर्ड करायचा.

काय केलं

पहिला निर्णय यादीचा होता, शब्दांचा नव्हता. एका मजकुरात तीन गटांना तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या: टेलच्या चार चाऱ्यांना अर्ज द्या, आठवीला पाणी नाही, पहिल्या पाचांना थांबा. ग्रुपवर असं सगळं एकत्र टाकावं लागतं, कारण ग्रुप एकच. फोनची यादी मात्र तोडता येते. चारीप्रमाणे याद्या केल्या तसे कंस, «ते» आणि «वगळून» आपोआप गळाले. पहिल्या पाच चाऱ्यांना फोन करायचाच नाही असं ठरवलं. «नंतर कळवू» हे सांगायला फोन केला, तर पुढचा खरा फोन उचलला जात नाही.

टेलच्या चाऱ्यांसाठी शेवटी हा निरोप झाला:

«नमस्कार. पाणीवापर संस्थेचा सचिव बोलतोय. हा निरोप टेलच्या चाऱ्यांना आहे. कालव्याचं पाणी शनिवारी, सव्वीस तारखेला, संध्याकाळी सहाला सुटणार. पाणी हवं असेल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत ऑफिसात अर्ज द्या. मागची पाणीपट्टी बाकी असेल, तर निम्मी तरी अर्जासोबत भरा. पुन्हा सांगतो. अर्ज बुधवारपर्यंत. पाणी शनिवारी संध्याकाळी.»

यातल्या काही जागांवर बरीच घासाघीस झाली. सचिवांना «उन्हाळी आवर्तन क्रमांक दोन» हवं होतं, कारण दप्तरी तसंच लागतं. पण आवर्तन कितवं यावर शेतकऱ्याला काही करायचं नसतं. त्याला पाणी कधी सुटतं ते हवं. तो उल्लेख गेला. «येत्या शनिवारी» मधलं «येत्या» काढलं, आणि «परवा» किंवा «उद्या» असले शब्द तर कटाक्षानं टाळले. कारण फोन उचलला नाही तर यंत्रणा तो काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावते, आणि मंगळवारचं «उद्या» बुधवारी ऐकलं की एक दिवस पुढं सरकतं. वाराचं नाव कधीही ऐकलं तरी तेच राहतं. तारीख एकदाच, वार दोनदा. कारण घरातून शेतात निरोप जातो तो वाराचाच.

«सहा» चं काय करायचं, हा प्रश्न होताच. चारीचा नंबर आम्ही पूर्ण काढला आणि «टेलच्या चाऱ्या» म्हटलं, जे गावात सगळे म्हणतात. वेळेतल्या «सहा» ला आधी «संध्याकाळी» जोडलं की «दहा» ऐकू येण्याची शक्यता उरत नाही, कारण संध्याकाळी दहा कुणी म्हणत नाही. «सायंकाळी» पेक्षा «संध्याकाळी» बोलण्यातलं, शिवाय ते कापलं जाऊन «काळी» एवढंच उरलं तर «सकाळी» शी गोंधळ होईल म्हणून सचिवांना त्या शब्दापाशी आवाज चढवायला लावला.

थकबाकीचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मूळ मजकुरात आधी धमकी होती आणि सवलत कंसात. कानाला «पाणी दिले जाणार नाही» एवढंच लागायचं. बाकी असलेल्यांनी तिथंच फोन ठेवला, निम्मी भरून पाणी मिळतं हे त्यांना कळलंच नाही. वाक्य उलटवलं आणि करायची गोष्ट पुढं आणली. «५०%» चं «निम्मी» झालं. «विचार केला जाईल» या शब्दांवर मात्र अध्यक्षांनी हात आखडला. त्यांना सुटका ठेवायची होती. मी एवढंच विचारलं, «अण्णा, निम्मी भरली तर पाणी देणार ना?» ते म्हणाले, «देणारच की.» मग तसंच बोललं.

आठव्या चारीचा निरोप याहून अवघड गेला, आणि अडचण भाषेची कमी, भिडेची जास्त होती. «पुढील सूचनेपर्यंत बंद» असं लिहिताना कुणाच्या तोंडावर नाही म्हणावं लागत नाही. स्वतःच्या आवाजात ते बोलायची वेळ आल्यावर सचिव «तूर्तास», «शक्यतो», «काम प्रगतीपथावर» असे आडोसे शोधायला लागले. बराच वेळ गेला. शेवटी ठरलं ते असं:

«नमस्कार. पाणीवापर संस्थेचा सचिव बोलतोय. हा निरोप ओढ्याकडच्या चारीला, म्हणजे आठ नंबरला आहे. आपल्या चारीचं काम अजून चालू आहे. त्यामुळं शनिवारचं पाणी आठ नंबरला मिळणार नाही. आत्ता अर्ज देऊ नका, दारं धरायला जाऊ नका. काम झालं की मी असाच फोन करीन.»

«मिळणार नाही» मधला नकार वाक्याच्या टोकाला आहे, तो निसटू शकतो. म्हणून त्याच्या मागोमाग दोन «नका» ठेवले. एक हुकला तरी दुसरा पोचतो.

रेकॉर्डिंग साध्या मोबाइलवर केलं, पंखा बंद करून, दारं लावून. सुरुवातीला एक सेकंद शांतता सोडली, म्हणजे ऐकणाऱ्याचं «हॅलो» संपतं. «नमस्कार» हा तसा खर्ची टाकायचाच शब्द. तो हॅलोखाली गेला तरी चालतं, संस्थेचं नाव मात्र गेलं नाही पाहिजे. सचिवांचा वाचण्याचा सूर जाईना, तेव्हा कागद काढून घेतला आणि समोर पाटकऱ्याला बसवलं. त्याला सांगायचं तसं सांगा म्हटलं. तिसऱ्या वेळी जमलं. टेलचा निरोप ३० सेकंदांच्या आत बसत नव्हता, «पुन्हा सांगतो» च्या पुढचं काढलं तर बसला असता. दुप्पट पैसे देऊ पण ते ठेवू, असं अध्यक्ष म्हणाले. माझंही मत तेच होतं.

पाठवायच्या आधी फोन अध्यक्षांच्या आईंना आणि आणखी दोन घरांत लावला. «कळलं का?» असं विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. «काय सांगितलं?» असं विचारायचं. आईंनी सांगितलं, «बुधवारपतोर अर्ज द्या, शनवारी सांच्याला पाणी.» निम्म्या बाकीचं त्यांच्याकडून राहिलं. पण त्यांच्या घराची बाकी नव्हती, त्यामुळं ते त्यांनी टिपलं नसावं. तसंच पुढं गेलो.

एक निर्णय निरोपाबाहेरचा होता. रविवारच्या गोंधळात दिवस वाया गेला म्हणून अर्जाची तारीख गुरुवार करावी का? केली असती तर गावात दोन तारखा फिरल्या असत्या, एक रविवारच्या फोनमधली आणि एक मंगळवारच्या. निरोपात बुधवारच ठेवला आणि गुरुवारी आलेले अर्ज न बोलता घेतले.

निकाल

मंगळवारचे फोन बहुतेकांनी शेवटपर्यंत ऐकले, हे अहवालात दिसत होतं. सचिवांना उलट फोन आले, पण त्यांचा विषय बदलला. «पाणी आहे का» असं फारसं कुणी विचारलं नाही, «माझी बाकी किती» हे विचारलं. निम्मी बाकी घेऊन येणारे वाढले. आठव्या चारीवरून राग आला, अपेक्षेप्रमाणे थेट अध्यक्षांच्या दारात आला. पण शनिवारी रात्री चारीवर कुणी ताटकळत बसलं नाही.

पाळीच्या वेळा कळवताना मात्र नवा गुंता झाला. एका सभासदाची पाळी शनिवारी रात्री दोनला होती, तसा फोन गेला. तो शुक्रवारच्या रात्रीनंतरच्या पहाटे, म्हणजे घड्याळानं शनिवारच्या दोनला, पाणी सुटायच्या आधीच चारीवर जाऊन उभा राहिला. गावात दिवस उजाडल्यावर बदलतो, त्यामुळं बहुतेकांनी बरोबर घेतलं. ज्यानं चूक घेतलं त्याचा मुलगा वाळूजला कंपनीत कामाला, तिथल्या पाळ्यांच्या हिशेबानं त्यानंच बापाला समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक पाळीला दोन्ही बाजू बांधतो: «शनिवारी जेवणं झाल्यावर, रविवार उजाडायच्या आधी, रात्री दोनला.» लांब आहे, पण फसत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या फोनआधीच चारीवार याद्या करून ठेवल्या असत्या. शब्दांवर जेवढा वेळ गेला त्यातला अर्धा याद्या नसल्यामुळं गेला.

«पुन्हा ऐकायला एक दाबा» ही सोय सेवादारानं फुकट दिली होती, ती आम्ही सुरू ठेवली. ती वापरली गेली नाही. फोन कानाला असतो, हात चिखलात, आणि स्मार्टफोनवर बोलणं चालू असताना आकडे शोधावे लागतात. ती सूचनाच काढून तिची चार सेकंद वाचवायला हवी होती.

आणि उशिराचा निरोप आधीच तयार हवा. तिसऱ्या आवर्तनाला वरून पाणी एक दिवस उशिरा सुटलं, सचिव बाहेरगावी होते, आणि ऑफिसातल्या पोरानं घाईत पुन्हा ग्रुपवरचा मजकूर यंत्राला दिला: «आवर्तन तांत्रिक कारणास्तव पुढे ढकलण्यात आले असून...» पुढं किती, हे सातव्या ओळीत. आता सचिवांच्या आवाजात सात वारांचे सात तुकडे रेकॉर्ड करून ठेवले आहेत, «पाणी आज सुटलं नाही, आता सुटणार...» याच्या पुढं जोडायला. जोड ऐकताना सांधा जाणवतो, «सोमवारी» चा आवाज थोडा चढा लागतो. तेवढं चालवून घेतलं आहे.